चौघांचा प्रोजेक्ट, एकीचं ब्लॅक बुक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिव्ह्यू साधारण पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. समोर गाईड आणि विभागातले आणखी एक-दोन प्राध्यापक, पडद्यावर पीपीटी, टेबलावर वायरी लोंबणारं मॉडेल आणि पुढे उभे चार विद्यार्थी. एक जण बोलतो, दुसरा स्लाइड बदलतो, तिसरा मॉडेलची निसटलेली पिन खोचतो. चौथी मुलगी फाइल छातीशी धरून टोकाला उभी असते. "सर्किट कोणी केलं? कोड कोणाचा?" असं विचारलं की तिच्याकडे कोणी बघत नाही. "आणि तू काय केलंस?" असं विचारलं की ती हळूच म्हणते, "सर, डॉक्युमेंटेशन." पॅनेलवरच्या माणसाचं मत तिथेच बनतं: हिने काही केलेलं नाही.

कधी ते मत बरोबर असतं. दर वर्षी प्रत्येक विभागात असे काही विद्यार्थी असतातच, जे फक्त प्रमाणपत्राच्या पानावरच्या नावापुरते प्रोजेक्टमध्ये असतात. पण कधी ते मत साफ चुकीचं असतं. काम टाळणारा विद्यार्थी आणि कामापासून बाजूला ठेवलेला विद्यार्थी हे बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघांच्या नावावर कोड नसतो, दोघांना मॉडेल धड चालवता येत नाही, दोघं व्हायवात अडखळतात. गाईडकडे आठ-दहा ग्रुप, वर त्याची लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि नॅकच्या फायली. आठवड्याला अर्ध्या तासाच्या भेटीत हा फरक त्याच्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्यालाच तो दिसेल अशा रीतीने मांडावा लागतो, आणि वेळेत मांडावा लागतो. हे कसं करायचं हे मुलांना कोणी शिकवत नाही.

आधी हे घडतं कसं ते बघू. पुढचं उदाहरण कोणा एका मुलीचं नाही. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी ते मांडलं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षात ते ओळखीचं वाटेल.

मुलगी लातूर जिल्ह्यातली. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं पहिल्या वर्षापासून एकत्र, त्यांचे कट्टे ठरलेले, त्यामुळे डिप्लोमावाल्यांचा वेगळाच गट पडतो. चौथ्या वर्षी प्रोजेक्टचे ग्रुप "आपापसात करा" असं सांगितलं गेलं. तीन मित्रांना चौथं नाव कमी पडत होतं आणि कोऑर्डिनेटरनी हिचं नाव तिथे टाकलं. विषय चांगला होता: द्राक्षबागेसाठी मातीतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा. मातीत सेन्सर, त्याला जोडलेलं ईएसपी३२ बोर्ड, रिले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि मोबाईलवर आकडे दाखवणारं ॲप.

पहिल्या मीटिंगमध्ये लीडरने कामं वाटली. एकाकडे हार्डवेअर, एकाकडे ॲप, स्वतःकडे कोड आणि "सिस्टिम इंटिग्रेशन". हिला म्हणाला, "तुझं अक्षर छान आहे, इंग्लिश पण बरं आहे, तू डॉक्युमेंटेशन घे ना." तिने डिप्लोमात तीन वर्षं सोल्डरिंग केलं होतं, पीसीबी बनवले होते. तसं ती म्हणालीही. "हो हो, लागेल तशी मदत घेऊ तुझी," एवढ्यावर विषय संपला.

तापकीर गल्लीतून सामान आणलं. खर्चाचे चार समान वाटे झाले आणि तिने आपला वाटा त्याच दिवशी पाठवला. सामान लीडरच्या फ्लॅटवर गेलं. तिघं रात्री तिथे जमायचे. तिच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद व्हायचं, म्हणून रात्रीच्या कामाला ती कधीच नव्हती. कामाची वेळ रात्रीची ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. हळूहळू ग्रुपवर कामाचे मेसेज येईनासे झाले, कारण तिघांचा वेगळा ग्रुप होता. मुख्य ग्रुपवर फक्त तिच्यासाठीचे निरोप यायचे: "सिनॉप्सिस उद्यापर्यंत." "लिटरेचर सर्व्हेत पंधरा पेपर हवेत." "पीपीटीचा टेम्प्लेट बदल." सिनॉप्सिस तिने लिहिली, पेपर तिने वाचले, ब्लॉक डायग्राम तिने काढला, लॉगबुकवर गाईडच्या सह्या तिनेच घेतल्या. तरी ऑक्टोबरमधल्या रिव्ह्यूला ती टोकाला फाइल धरून उभी होती.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सहसा जोडीने येतात. तिचं श्रम पुरेपूर वापरलं गेलं आणि ज्या कामावर गुण मिळतात त्या कामापासून तिला दूर ठेवलं गेलं. इंजिनिअरिंगच्या ग्रुपमध्ये लेखन-सादरीकरण मुलींकडे आणि यंत्र-कोड मुलांकडे जाण्याचा कल जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवला आहे. आपल्याकडे त्यात इंग्रजी, हॉस्टेलची वेळ, आडनाव, डिप्लोमा की बारावी, अशी आणखी कारणं मिसळतात. डॉक्युमेंटेशन हे कमी दर्जाचं काम आहे असं मला मुळीच वाटत नाही. पंधरा शोधनिबंध वाचून त्यातून आपल्या प्रोजेक्टची दिशा काढणं हे कोडइतकंच अवघड आहे. पण ते काम एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतं आणि व्हायवात मात्र प्रश्न सर्किटवर येतात. तिथे तिचं नुकसान होतं.

आता फरक ओळखायचा कसा, हा प्रश्न. मला त्याची सगळ्यात भरवशाची खूण दिसते ती मेसेजच्या दिशेत. काम टाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रश्न ग्रुपकडून त्याच्याकडे जातात: "अरे, तुझा मॉड्यूल कधी देतोस?", "आज येतोयस का?" आणि त्याच्याकडून उत्तर नाही, किंवा "उद्या नक्की". बाजूला ठेवलेल्या मुलीच्या बाबतीत प्रश्न तिच्याकडून ग्रुपकडे जातात: "मी काय करू?", "कोड कुठे टाकलाय?", "मीटिंग कधी आहे?" आणि तिकडून उत्तर नाही, किंवा "सांगतो". तिसरा प्रकार उलटा. एकच मुलगा सगळं काम ओढतो आणि बाकीचे त्यावर पास होतात. तिथेही प्रश्न त्या एकाकडूनच जातात, पण ते काम मागणारे नसतात, काम दे म्हणून विनवणारे असतात. दोन-तीन महिन्यांचा चॅट तारखांसकट वाचला की या तिन्हींपैकी काय चाललं आहे ते तिऱ्हाइतालाही पंधरा मिनिटांत कळतं.

म्हणून स्क्रीनशॉटपेक्षा अख्खा चॅट उपयोगी पडतो. व्हॉट्सॲपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करायची सोय आहे. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केला की तारीख-वेळेसह साधी मजकुराची फाइल मिळते. स्क्रीनशॉट हवा तेवढाच कापता येतो, हे प्राध्यापकांना चांगलं माहीत असतं. अख्खी फाइल पुढे ठेवणाऱ्यावर विश्वास बसतो, कारण त्यात आपलेही दोन उणे मेसेज असतात. मात्र ती फक्त गाईडला दाखवावी. इतरांच्या खाजगी गप्पा वर्गभर फिरवल्या की तक्रार करणाऱ्यावरच तक्रार होते.

पण मेसेजची दिशा दिसायला आधी मेसेज हवेत. आपल्या उदाहरणातल्या मुलीने सुरुवातीला हेच केलं नव्हतं. ती लीडरला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारायची, तो "हो, सांगतो" म्हणायचा आणि मागे काहीच उरायचं नाही. नंतर तिने एक साधी सवय लावून घेतली. प्रत्येक भेटीनंतर मुख्य ग्रुपवर तीन ओळी टाकायच्या: आज काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. शेवटी, "माझ्याकडे सेन्सरचं कॅलिब्रेशन घेऊ का? कोणाची हरकत असेल तर आज सांगा." भाषा तक्रारीची नव्हती, काम मागण्याची होती. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहिली.

कोडच्या प्रोजेक्टमध्ये गिटहबचा इतिहास पाहता येतो. रेपॉझिटरीत `git shortlog -sn` ही आज्ञा दिली की कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते दिसतं. पण या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. `git config user.name` मध्ये ज्याचं नाव घातलं असेल त्याच्या नावावर कमिट जमा होतात, आणि तिघांनी मिळून लिहिलेला कोड एकाच्याच लॅपटॉपवरून चढवला तर तो सगळा त्या एकाचा दिसतो. वीस कमिट नुसत्या स्वल्पविरामांचेही असू शकतात. त्यापेक्षा बोलका प्रश्न वेगळाच आहे: रेपॉझिटरीचा ॲक्सेस चौघांना कधी दिला? तिला तो कधीच दिला गेला नसेल, तर तिचे कमिट शून्य असण्याचा अर्थच बदलतो. अहवाल गूगल डॉक्सवर लिहिला असेल तर व्हर्जन हिस्टरीत कोणी, कधी, काय लिहिलं ते राहतं. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर फिरली तर काही राहत नाही, म्हणून लेखनाचं काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून सामायिक डॉक्युमेंटवर लिहावं.

गट मोठा झाला की माणसाचा जोर कमी पडतो, ही गोष्ट जुनी आहे. फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून ती मोजली आणि 1913 साली प्रसिद्ध केली. 1979 मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पुन्हा दाखवलं. त्याच तिघांनी 1981 मध्ये जे दाखवलं ते आपल्या कामाचं आहे: गटात असूनही आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे हे कळलं की माणसं कसर ठेवत नाहीत. प्रोजेक्टच्या भाषेत सांगायचं तर गुण चौघांना सारखे द्यायचे की प्रत्येकाचं काम वेगळं पाहायचं, यावर बरंच अवलंबून आहे. बऱ्याच विभागांच्या रिव्ह्यू शीटमध्ये वैयक्तिक सहभागाचा रकाना असतोही. पण त्यात घाईघाईत चौघांना एकच आकडा भरला जातो.

यावर उपाय म्हणून काही कॉलेजं विद्यार्थ्यांकडूनच एकमेकांना गुण देववतात. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे आणि तो आकड्यांनी दाखवतो. समजा प्रत्येकाने उरलेल्या तिघांमध्ये 30 गुण वाटायचे आहेत. सगळ्यांनी सारखं काम केलं तर प्रत्येकाला तिघांकडून दहा-दहा, म्हणजे 30 मिळतील. आपल्या ग्रुपमधल्या तिघा मित्रांनी एकमेकांना 13-13 आणि तिला 4 दिले. तिने प्रामाणिकपणे तिघांना दहा-दहा दिले. तिघांना प्रत्येकी 36 मिळाले, तिला 12. ग्रुपला 80 गुण असतील आणि ते या प्रमाणात विभागले, तर त्या तिघांना 96 आणि तिला 32. जे आधी तोंडी चाललं होतं त्यावर आता गणिताचा शिक्का बसला. तिघांचे तिला दिलेले आकडे तंतोतंत सारखे आहेत, हा ठरवून दिल्याचा संशय घ्यायला आधार आहे. पण खरोखर कामचुकार मुलालाही तिघं सारखेच कमी गुण देतील. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून चालणारी 'कॅटमी' ही सहकारी-मूल्यमापनाची प्रणाली अशा कंपूच्या गुणांवर खूण करते, आणि पुढचा निर्णय शिक्षकावर सोडते. ते योग्यच आहे. बहुमताच्या आकड्यावरून एकट्या पडलेल्या मुलीचा न्याय होत नाही. तो करायला कोणीतरी बसून तिचं काम पाहावं लागतं.

म्हणजे गाठ पुन्हा गाईडशीच. इथे सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. पुणे विद्यापीठात सातव्या सत्रात प्रोजेक्टचा पहिला टप्पा आणि आठव्यात दुसरा, मुंबईतही मेजर प्रोजेक्ट दोन सत्रांत विभागलेला. बहुतेक तक्रारी येतात त्या एप्रिल-मेमध्ये, ब्लॅक बुक बाइंडिंगला गेल्यावर, नाहीतर टर्म वर्कचे गुण कळल्यावर. तोवर गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरलेले असतात, मॉडेल पूर्ण झालेलं असतं, वाटून द्यायला कामच उरलेलं नसतं. गाईडची इच्छा असली तरी त्याच्या हातात फारसं काही राहत नाही. तक्रारीची खरी वेळ पहिल्या सत्रातल्या पहिल्या आणि दुसऱ्या रिव्ह्यूच्या मधली. सहा आठवडे उलटले, तीनदा काम मागितलं, काही झालं नाही, की जायचं. अजून थोडी वाट पाहू असं प्रत्येकाला वाटतं, कारण या तिघांबरोबर आणखी सहा महिने काढायचे असतात.

दुसरी चूक मागणीत होते. "सर, ते मला काहीच सांगत नाहीत" हे खरं असलं तरी त्यावर गाईडने काय करायचं ते त्यात नाही. मग उत्तर येतं, "अगं, तुमचं तुम्ही मिटवा, थोडं ॲडजस्ट करा." "मला दुसऱ्या ग्रुपमध्ये टाका" हेही सहसा होत नाही, कारण विषय आणि नावं नोंदवून झालेली असतात आणि दुसऱ्या ग्रुपलाही चौथा-पाचवा नको असतो. "त्यांचे गुण कापा" म्हटलं की गाईड सावध होतो. प्रकरण भांडणाचं झालं, दोन्ही बाजूंचे पालक येणार, हे त्याच्या डोळ्यांसमोर येतं. गाईडला लगेच देता येईल असं काहीतरी मागावं, आणि ते कामाबद्दल असावं.

आपल्या उदाहरणातली मुलगी आधी मॅडमना एकटी भेटली. वेळ मागून, केबिनमध्ये. त्याच संध्याकाळी तिने मेल केला. तो इंग्रजीत होता, त्याचा आशय असा:

"मॅडम, आज भेटीसाठी वेळ दिल्याबद्दल आभार. जुलैपासून मी सिनॉप्सिस, पंधरा पेपरांचा आढावा, ब्लॉक डायग्राम आणि दोन्ही प्रेझेंटेशन केली आहेत. त्यांची व्हर्जन हिस्टरी सोबतच्या लिंकमध्ये आहे. मला तांत्रिक कामही करायचं आहे. मी ग्रुपवर तीन वेळा ते मागितलं, त्या तारखा खाली देत आहे. कोडच्या रेपॉझिटरीचा ॲक्सेस मला अजून मिळालेला नाही आणि हार्डवेअर माझ्या हॉस्टेलच्या वेळेनंतरच वापरात असतं. माझी विनंती: सेन्सर कॅलिब्रेशनचा मॉड्यूल माझ्या नावावर द्यावा, त्यासाठी एक सेन्सर आणि बोर्ड दिवसा लॅबमध्ये ठेवावा, आणि पुढच्या रिव्ह्यूला त्या भागाचं सादरीकरण मला करू द्यावं. लिखाणाचं काम चौघांत वाटावं."

यात कोणाला नावं ठेवलेली नाहीत. कोणाच्या हेतूबद्दल एक शब्द नाही. प्रत्येक वाक्य तपासता येण्यासारखं आहे आणि शेवटच्या मागण्या एका भेटीत मान्य करता येण्यासारख्या आहेत. भेटीनंतर मेल लिहिला हे फार महत्त्वाचं. तोंडी बोलणं दोघांच्या आठवणीवर राहतं, आणि पुढे वर जायची वेळ आली तर "मला हिने कधी सांगितलंच नाही" असं कोणी म्हणू शकत नाही.

मॅडमनी जे केलं तेही सांगायला हवं, कारण इथे शिक्षकांकडून मोठी चूक होते. सर्रास पद्धत अशी की चौघांना एकत्र बोलवायचं आणि विचारायचं, "काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" तिघांसमोर एकीने बोलायचं. ती गप्प बसते, तिघं म्हणतात "काही नाही सर", आणि प्रकरण मिटल्याची नोंद होते. बाहेर पडल्यावर तिघं तिच्याशी बोलणंही बंद करतात. मॅडमनी तिच्या मेलचा उल्लेखच केला नाही. पुढच्या आठवड्याच्या भेटीत त्यांनी चौघांना कोरा कागद दिला आणि प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला लावलं: आतापर्यंत मी काय केलं, इतर तिघांनी काय केलं, पुढे मी काय करणार. चार कागद शेजारी ठेवल्यावर चित्र उभं राहिलं. तिच्या कागदावर तिघांच्या कामाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, कारण तिला माहितीच नव्हतं. तिघांच्या कागदांवर तिच्यापुढे एकच शब्द होता, 'रिपोर्ट'. मग त्यांनी नियम सगळ्याच ग्रुपना लावला: प्रत्येकाचा एक तांत्रिक मॉड्यूल, लॉगबुकमध्ये नावानिशी रकाना, हार्डवेअर दिवसा लॅबच्या कपाटात.

कॅलिब्रेशनचं काम तिला मिळालं आणि त्यात एक गंमत निघाली. लीडरने ओलाव्याचा थ्रेशोल्ड इंटरनेटवरून उचलला होता. ईएसपी३२ बोर्ड सेन्सरचा व्होल्टेज 0 ते 4095 अशा आकड्यांत वाचतं. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की माती कोरडी समजून व्हॉल्व्ह उघडायचा, असं कोडमध्ये होतं. पण तो आकडा कुणाच्या तरी कुंडीतल्या भुसभुशीत मातीचा. काळी माती वाळताना आक्रसते, तिला भेगा पडतात, सेन्सरच्या पात्याभोवती हवा शिरते आणि आत ओल असूनही सेन्सर 'कोरडं' सांगतो. ती शेतकऱ्याची मुलगी, भेगाळलेली काळी माती तिने लहानपणापासून पाहिलेली. तिने माती आणून वेगवेगळ्या प्रमाणात भिजवली, प्रत्येक वेळी सेन्सरचा आकडा लिहिला, माती तोलली आणि सिव्हिल विभागाच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवून पुन्हा तोलली. ओली माती 130 ग्रॅम आणि वाळून 100 भरली तर ओलावा 30 टक्के. असे बिंदू मांडून तिने त्या मातीसाठी वेगळा वक्र काढला. लीडरच्या आकड्याने बागेला गरज नसताना पाणी सुटत होतं.

पुढच्या रिव्ह्यूत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा थ्रेशोल्ड कुठून आणला?" आणि उत्तर तिने दिलं. तिघांशी तिचं जमलं असं मात्र झालं नाही. वेगळा ग्रुप तसाच राहिला. प्रोजेक्टवरचा पेपर एका कॉन्फरन्सला पाठवताना तिचं नाव शेवटी होतं, मसुदा बहुतांश तिने लिहिलेला असूनही. त्यावर तिने पुन्हा मेल केला, मॅडमनी अहवालात 'कोणी काय केलं' असा तक्ता घालायला लावला, पण पेपरमधला नावांचा क्रम बदलला नाही. गाईडच्या हातात जेवढं असतं तेवढंच होतं.

आणि गाईडच ऐकत नसेल तर? गाईडच्या हातात टर्म वर्कचे गुण असतात, म्हणून मुलं इथेच थांबतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. तरी वाट आहे. पहिली पायरी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, मग विभागप्रमुख. त्यांच्याकडे जाताना गाईडला केलेला मेल आणि त्याला मिळालेलं उत्तर, किंवा न मिळालेलं उत्तर, सोबत असावं. तिथेही काही झालं नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं.

समितीकडे जाताना अर्जाची मांडणी बदलावी लागते. वर्गमित्र वाईट वागले हा तिच्यापुढचा विषय नाही. मूल्यमापनाची अन्याय्य किंवा अपारदर्शक पद्धत हा नियमावलीत बसणारा विषय आहे. म्हणजे "माझा सहभाग वेगळा तपासला न जाता चौघांना सारखे गुण दिले गेले" किंवा "तिघांनी एकमेकांना दिलेल्या गुणांवरून, कामाची तपासणी न करता, माझे गुण ठरवले गेले" असं लिहावं. बाजूला टाकण्यामागे जात, लिंग, धर्म किंवा अपंगत्व असेल, तसं बोललं गेलं असेल, तर तो भेदभावाचा विषय आहे आणि त्यालाही या नियमावलीत जागा आहे. तिथे गाईडची पायरी चढत बसायची गरज नाही, आणि "ॲडजस्ट करा" हे उत्तर ऐकून घ्यायचीही नाही. अंगचटीला येणं, अश्लील मेसेज असं काही असेल तर ते कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, थेट.

हे सगळं मुलांनीच करायचं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर 'नाही' असंच आहे. विभागाने सत्राच्या सुरुवातीला दोन गोष्टी केल्या तरी यातल्या बऱ्याच तक्रारी उद्भवणार नाहीत. प्रत्येक ग्रुपकडून पहिल्या पंधरा दिवसांत नावानिशी तांत्रिक कामाची वाटणी लिहून घ्यावी, आणि रिव्ह्यूत लीडरने बोलायचं हा रिवाज मोडून कोण काय सांगणार ते पॅनेलने ठरवावं. ज्याने सर्किट केलं त्याला अहवालातलं चौथं प्रकरण समजावून सांगायला लावावं आणि जिने अहवाल लिहिला तिला मल्टिमीटर हातात देऊन बोर्डवरचा व्होल्टेज मोजायला सांगावं. पंधरा मिनिटांत एवढं सहज होतं.